‘तेवढ्याच किलोवॅटमध्ये जास्त हवा’: एक तुलना-तक्ता आणि चार बॅटलकार्डे तयार करताना

स्क्रू एअर कंप्रेसर बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी उत्पादन विपणनाचे काम पाहते. त्याआधी सात वर्षे मी याच कंपनीच्या अॅप्लिकेशन विभागात होते, म्हणजे ग्राहकाच्या कारखान्यात जाऊन त्याला किती हवा लागते हे मोजणे आणि त्याप्रमाणे मशीन सुचवणे हे माझे काम होते. आमच्या विक्री प्रमुखांनी एके दिवशी मला बोलावून सांगितले की आपली माणसे प्रतिस्पर्ध्यांच्या दाव्यांपुढे अडखळतात, तेव्हा सगळ्या कंपन्यांची तुलना करणारा एक तक्ता करून द्या. काम सोपे वाटले. चार प्रमुख प्रतिस्पर्ध्यांचे कॅटलॉग गोळा करून तीन आठवड्यांत मी चौसष्ट ओळींचा एक्सेल तक्ता तयार केला. मोटरचा वर्ग, कूलरचा प्रकार, आवाजाची पातळी, कंट्रोलरच्या पडद्याचा आकार असे सगळे त्यात होते, आणि आमच्या स्तंभात हिरव्या खुणा अर्थातच सर्वांत जास्त होत्या.

तो तक्ता कोणी वापरला नाही. दोन महिन्यांनी मी कोल्हापूर भागाच्या आमच्या विक्री अभियंत्याबरोबर गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये गेले होते. कंप्रेसर रूमच्या दारात उभे राहून तिथले मेंटेनन्स प्रमुख म्हणाले, ‘‘तुमचं सदतीस किलोवॅटचं मशीन दोनशे बत्तीस सीएफएम देतंय, आणि त्यांचं तेवढ्याच किलोवॅटमध्ये दोनशे पंचेचाळीस. मग तुमचं का घ्यायचं?’’ सीएफएम म्हणजे मशीन दर मिनिटाला किती घनफूट हवा देते तो आकडा. आमचा अभियंता गोंधळला. ‘‘साहेब, आपली क्वालिटी चांगली आहे, सर्व्हिस चांगली आहे,’’ असे काहीतरी तो बोलला. बाहेर आल्यावर मी त्याला विचारले की याचे उत्तर तक्त्यात होते, मग ते का दिले नाही. तो म्हणाला, ‘‘मॅडम, त्या दारात मशीनच्या आवाजात मोबाईलवर चौसष्ट ओळींचं एक्सेल उघडून मी कुठली ओळ शोधू? आणि खरं सांगू का, ती ओळ सापडली असती तरी त्यात फक्त दोनशे बत्तीस आणि दोनशे पंचेचाळीस एवढंच लिहिलंय. ते तर साहेबांनाही माहीत होतं.’’

त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. प्रतिस्पर्धी काय सांगतो हे मी कॅटलॉगमधून उतरवले होते. ग्राहक आम्हाला काय विचारतो आणि त्याचे खरे उत्तर काय आहे, हे मात्र मी कुठेच शोधले नव्हते. तिथून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी कॅटलॉगला सर्वांत शेवटी हात लावायचे ठरवले.

आधी मी आदल्या वर्षी हातून गेलेल्या मागण्या पाहिल्या. आमच्या नोंदींत बहुतेकांपुढे कारण म्हणून ‘किंमत’ एवढाच शब्द होता. त्यांपैकी बावीस ग्राहकांना मी स्वतः फोन केले. ऑर्डर परत मागण्यासाठी फोन करत नाही, तुम्ही निर्णय कसा घेतला एवढेच समजून घ्यायचे आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगितल्यामुळे बरेच जण मोकळेपणाने बोलले. किंमत हेच खरे कारण असलेले ग्राहक त्यांत होते, पण निम्म्याहून कमी. बाकीच्यांनी सांगितलेले कारण ‘ते जास्त हवा देतात’, ‘त्यांच्या मशीनने पस्तीस टक्के वीज वाचते’ किंवा ‘त्यांची दहा वर्षांची वॉरंटी आहे’ अशा एखाद्या दाव्याचे होते. त्या दाव्यावर आमच्या माणसाला काही बोलता आले नव्हते, त्यामुळे तो दावा ग्राहकाच्या मनात पक्का बसला होता. विक्री अभियंत्यांनी ‘किंमत’ लिहिले यात त्यांची लबाडी नव्हती. शेवटच्या बैठकीत घासाघीस किमतीवरच होते, म्हणून त्यांना तेच आठवत होते.

पुढचे सहा आठवडे मी विक्रीच्या चौदाही माणसांना एकच काम दिले. बैठकीतून बाहेर पडल्यावर गाडीत बसण्याआधी मला अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवायचा, आणि प्रतिस्पर्ध्याबद्दल ग्राहक जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत सांगायचे. फॉर्म भरायला सांगितला असता तर कोणी भरला नसता, हे मला त्यांच्यात वावरल्यामुळे माहीत होते. ‘त्याच्याच शब्दांत’ ही अट महत्त्वाची ठरली. कॅटलॉगमध्ये ‘एकात्मिक परिवर्ती गती तंत्र’ असे छापलेले असते, पण ग्राहक म्हणतो, ‘त्यांच्या व्हीएफडीवाल्या मशीनला बिल कमी येतं.’ दोन्हींचा अर्थ एकच, मागणीप्रमाणे मोटरची गती कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, पण उत्तर द्यायचे ते दुसऱ्या वाक्याला. सहा आठवड्यांत एकशे दहाच्या आसपास संदेश जमले. त्यांची वर्गवारी केल्यावर लक्षात आले की तेच चार दावे पुन्हा पुन्हा येत आहेत आणि बाकीचे एकेकदाच आले आहेत. चौसष्ट ओळींच्या तक्त्यातल्या चाळीसहून अधिक ओळींबद्दल एकाही ग्राहकाने काही विचारले नव्हते. त्या मी काढून टाकल्या. चार दाव्यांसाठी मात्र एकेक बॅटलकार्ड, म्हणजे त्या एका दाव्याला काय उत्तर द्यायचे हे सांगणारे छोटे कार्ड, करायचे ठरवले.

आता कॅटलॉगची वेळ आली, आणि या कामात सर्वांत जास्त वेळ इथेच गेला. मेंटेनन्स प्रमुखांनी विचारलेला २३२ आणि २४५ सीएफएमचा प्रश्नच उदाहरण म्हणून सविस्तर सांगते, कारण तक्ता कसा करू नये आणि कसा करावा हे मला त्यातूनच कळले.

कंप्रेसर किती हवा देतो हे सांगताना ती हवा कोणत्या दाबाला, कोणत्या जागी आणि किती वीज घेऊन मोजली, हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. आमच्या कॅटलॉगमधला २३२ सीएफएम हा आकडा ७.५ बार दाबाला, संपूर्ण मशीनच्या बाहेर पडणाऱ्या पाइपच्या तोंडाशी मोजलेला होता. आयएसओ १२१७ या मानकाच्या परिशिष्ट ‘सी’मध्ये स्थिर गतीच्या मशीनसाठी हीच पद्धत सांगितली आहे. प्रतिस्पर्ध्याचा २४५ हा आकडा ७ बारला होता. ते बारीक अक्षरात का होईना पण लिहिलेले होते, आणि पहिला तक्ता करताना मी ते वाचलेच नव्हते. तरीही नुसत्या अर्ध्या बारमुळे तेरा सीएफएमचा फरक पडत नाही. स्थिर गतीच्या स्क्रू मशीनमध्ये दाब थोडा बदलला तरी हवेचे प्रमाण फारसे बदलत नाही, बदलते ती लागणारी वीज. दर एका बारला साधारण सहा ते सात टक्के असा तिचा हिशेब आहे. म्हणजे त्यांचे मशीन खरोखरच जास्त हवा देत होते. प्रश्न एवढाच होता की ती ‘तेवढ्याच किलोवॅटमध्ये’ देत होते का.

याचे उत्तर त्यांच्याच संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवलेल्या दुसऱ्या एका तांत्रिक पत्रकात मिळाले. तिथे संपूर्ण मशीनची पूर्ण भारावरची वीज ४४.५ किलोवॅट दिली होती. आमच्या मशीनची तीच वीज ४१.३ किलोवॅट होती. दोन्ही मशीनवर ३७ किलोवॅटची मोटर होती, पण ३७ हा आकडा मोटरच्या पाटीवरचा असतो आणि तो तिच्या शाफ्टवर मिळणाऱ्या शक्तीचा असतो. पंख्याचे सुमारे दोन किलोवॅट वजा केले आणि मोटरची कार्यक्षमता ९४ टक्के धरली, तर त्यांच्या मोटरच्या शाफ्टवर जवळपास ४० किलोवॅट येत होते. मोटरला पाटीपेक्षा थोडा जास्त भार सोसण्याची जी मुभा असते, म्हणजे सर्व्हिस फॅक्टर, ती त्यांनी वापरली होती. यात गैर काही नाही, अनेक उत्पादक तसे करतात. मात्र ‘तेवढ्याच किलोवॅटमध्ये’ हे दोन शब्द मीटरच्या दृष्टीने खरे नव्हते.

तक्त्यात मग मी १०० सीएफएम हवेमागे लागणारी संपूर्ण मशीनची वीज ही एकच मुख्य ओळ ठेवली. त्यांची ४४.५ भागिले २.४५, म्हणजे सुमारे १८.२ किलोवॅट. आमची ७.५ बारला १७.८, आणि ७ बारवर आणण्यासाठी साडेतीन टक्के वजा केल्यावर १७.२. फरक साडेपाच टक्क्यांच्या आसपास आमच्या बाजूने होता. हा आकडा पाहून आमचे विक्री प्रमुख खूश झाले. ‘साडेपाच टक्के कमी वीज’ हे वाक्य कार्डावर ठळक छापा, असा त्यांचा आग्रह होता.

मी तो मान्य केला नाही, कारण त्याच मानकात मोजणीची सूटही दिलेली आहे. दीड ते पंधरा घनमीटर प्रति मिनिट या गटात हवेच्या प्रमाणाला अधिक-उणे पाच टक्के आणि हवेमागच्या ऊर्जेला अधिक-उणे सहा टक्के सूट मान्य आहे, आणि २३२ सीएफएम म्हणजे साधारण ६.६ घनमीटर. कागदावरचा साडेपाच टक्क्यांचा फरक या सुटीच्या आतच होता. त्यात दाबाची दुरुस्ती मी अंदाजानेच केली होती. उद्या ग्राहकाने दोन्ही मशीन शेजारी ठेवून मोजली आणि फरक एक टक्का निघाला किंवा उलटा निघाला, तर आमच्या माणसाचा शब्द त्या ग्राहकाकडे पुन्हा चालणार नाही. म्हणून तक्त्यात आम्ही ‘दोन्ही मशीन हवेमागच्या विजेत जवळपास सारखी, कागदावरचा फरक मोजणीच्या सुटीच्या आत’ असे लिहिले. या ओळीवरून आमच्यात दोन दिवस वाद झाला. शेवटी तिचा उपयोग कसा होतो ते मी कार्डातून दाखवले, तेव्हा कुठे तो मिटला.

तक्ता आणि कार्ड यांची कामे वेगळी आहेत, हे मला इथपर्यंत येईतो नीट कळले नव्हते. तक्ता माझ्यासाठी आणि अॅप्लिकेशन विभागासाठी आहे. त्यात प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून घेतला, कोणत्या तारखेला घेतला आणि कोणत्या स्थितीतला आहे हे तीन रकाने आहेत, आणि ज्याचा उगम सांगता येत नाही तो आकडा त्यात जात नाही. कार्ड मात्र कंप्रेसर रूमच्या दारात उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. ते मोबाईलच्या एका पडद्यात मावले पाहिजे, वाचायला वीस सेकंद पुरली पाहिजेत, आणि त्यात एकच दावा असला पाहिजे. पहिले कार्ड असे तयार झाले:

‘‘ग्राहक म्हणतो: तेवढ्याच किलोवॅटमध्ये ते जास्त हवा देतात.
त्यात खरे किती: त्यांचे मशीन जास्त हवा देते, हे खरे आहे. त्यासाठी ते जास्त वीजही घेते. ३७ हा मोटरच्या पाटीवरचा आकडा आहे, मीटरवरचा नाही.
आपण विचारायचे: ‘साहेब, तुमच्या लाइनला किती बार लागतात? त्या दाबाला संपूर्ण मशीन किती किलोवॅट घेते आणि बाहेर किती सीएफएम देते, हे दोघांकडूनही लेखी घ्या. आमचे मी आजच देतो.’
आपण म्हणायचे नाही: आपले मशीन कमी वीज खाते.
सोडून द्यायचे केव्हा: ग्राहकाला खरोखरच २४० सीएफएमच्या वर हवी असेल तर आपले ३७ सुचवू नये, ४५ चे कोटेशन द्यावे.’’

या कार्डाचे बळ तिसऱ्या ओळीत आहे. दाव्याला प्रतिदावा केला की ग्राहकासमोर दोन विक्रेत्यांचे भांडण उभे राहते, आणि त्याला दोघांवरही विश्वास ठेवावासा वाटत नाही. जो प्रश्न तो स्वतः दोघांनाही विचारू शकतो तो हाती दिला, की तपासणी त्याच्या ताब्यात जाते. लेखी आकडे आल्यावर बहुतेक वेळा त्याला एवढेच दिसते की हवेमागची वीज जवळपास सारखी आहे. तेवढ्याने ‘तुमचं का घ्यायचं’ हा अडसर दूर होतो आणि बोलणे सर्व्हिस, सुटे भाग आणि किमतीवर येते. तिथे आमच्या माणसाला स्वतःच्या पायावर उभे राहता येते.

दुसरे कार्ड व्हीएफडीचे, आणि ते करताना मला माझेच एक मत बदलावे लागले. आमच्याकडे ‘व्हीएफडी म्हणजे उगाच खर्च’ असे बोलायची सवय होती, कारण आमचे स्वतःचे व्हीएफडी मॉडेल द्यायला दहा आठवडे लागत आणि प्रतिस्पर्धी तीन आठवड्यांत देत असे. ‘पस्तीस टक्के वीज वाचते’ हा दावा मी हिशेबाला बसवला. स्थिर गतीचे आमचे मशीन हवा देताना ४१ किलोवॅट घेते, आणि हवेची मागणी नसताना रिकामे फिरते तेव्हाही सुमारे १२ घेते. कंट्रोलरवर दोन आकडे दिसतात, एकूण चाललेले तास आणि प्रत्यक्ष हवा देण्याचे, म्हणजे भाराचे तास. गोकुळ शिरगावच्या त्या कारखान्यात जुन्या मशीनवर हे आकडे ६,२०० आणि ५,५८० होते, म्हणजे भार नव्वद टक्के. शंभर तासांत स्थिर गतीचे मशीन तिथे नव्वद तास ४१ ने आणि दहा तास १२ ने, असे ३,८१० युनिट घेते. व्हीएफडीचे मशीन पूर्ण गतीला ड्राइव्हमधल्या नुकसानीमुळे तीनेक टक्के जास्त, ४२.२ किलोवॅट घेते, पण गती मागणीप्रमाणे कमी होत असल्याने सरासरी ३८ वर चालते. शंभर तासांचे झाले ३,८००. वाचले दहा युनिट. व्हीएफडी दाब एका जागी धरून ठेवते, त्यामुळे सरासरी दाब अर्ध्या बारने खाली आणता येतो, त्याचे आणखी तीन-साडेतीन टक्के धरता येतील. तरीही पस्तीस टक्के कुठे आणि हे कुठे.

पण हाच हिशेब मी पंचावन्न टक्के भारावर केला तेव्हा स्थिर गतीचे २,७९५ आणि व्हीएफडीचे सुमारे २,४०० असे आले, म्हणजे चौदा टक्के बचत. तीस टक्के भारावर २,०७० विरुद्ध १,४०० आले आणि बचत बत्तीस टक्क्यांवर गेली. पस्तीस टक्क्यांचा दावा खोटा नव्हता, फक्त तो फार कमी भाराच्या कारखान्याचा होता. शिवाय माझा हिशेब स्थिर गतीच्या मशीनला थोडा झुकते माप देणारा आहे. मशीन रिकामे फिरू लागल्यावर त्याच्या आतल्या टाकीतला दाब उतरून वीज १२ किलोवॅटवर येईपर्यंत वेळ जातो. हवा साठवणारा बाहेरचा रिसीव्हर लहान असेल तर मशीन तिथवर पोहोचण्याआधीच पुन्हा भारावर येते, आणि रिकाम्या वेळेचा खर्च प्रत्यक्षात जास्त पडतो. ही मर्यादा मी तक्त्यात लिहिली आहे.

म्हणून व्हीएफडीच्या कार्डावर पहिली ओळ अशी आहे: ‘साहेब, जुन्या मशीनच्या कंट्रोलरवरचे एकूण तास आणि भाराचे तास एकदा बघू या का?’ भार ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तर आमच्या माणसाने तिथेच कागदावर वरचा हिशेब करून दाखवायचा. साठच्या खाली असेल तर प्रतिस्पर्ध्याचे म्हणणे मान्य करायचे आणि आमचे व्हीएफडी मॉडेल दहा आठवड्यांच्या मुदतीसह सुचवायचे, मुदत लपवायची नाही. पंचावन्न टक्क्यांच्या उदाहरणात शंभर तासांना ३९५ युनिट वाचतात, म्हणजे वर्षाला सहा हजार तास चालणाऱ्या कारखान्यात २३,७०० युनिट. ग्राहकाच्या बिलातला दर साडेआठ रुपये धरला तर ते दोन लाखांच्या घरात जाते, आणि दोन मशीनच्या किमतीतला फरक अडीच लाखांचा असेल तर तो सव्वा वर्षात वसूल होतो. अशा ग्राहकाला स्थिर गतीचे मशीन गळ्यात मारणे म्हणजे त्याचे नुकसान करणे, आणि वर्षभरात त्याला ते वीजबिलात दिसतेच. या ओळीला विक्री विभागातून विरोध होईल अशी माझी अपेक्षा होती. उलट सर्वांत आधी तीच त्यांनी उचलली, कारण काय बोलायचे हे त्यांना पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनी माहीत होते. मधल्या पट्ट्यात, साठ ते ऐंशीच्या दरम्यान, कार्ड ठाम काही सांगत नाही. तिथे आठवडाभर डेटा लॉगर लावून मोजायचे, एवढीच सूचना आहे.

वॉरंटीच्या कार्डाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. दहा वर्षांची वॉरंटी बहुधा फक्त एअरएंडची, म्हणजे हवा दाबणाऱ्या स्क्रूच्या भागाची असते, आणि ती कंपनीचेच तेल, कंपनीचेच फिल्टर आणि वार्षिक देखभाल करार यांच्या अटीवर असते. ग्राहकाने तेलाचा आणि कराराचा दहा वर्षांचा खर्च लेखी मागावा, एवढेच कार्डावर आहे. आमच्या स्वतःच्या वॉरंटीलाही अशाच अटी असल्याने त्या खाली तितक्याच मोठ्या अक्षरात छापल्या आहेत.

चौथे कार्ड आता अस्तित्वात नाही, आणि ती माझी चूक होती. ते सर्व्हिसबद्दल होते. एका ग्राहकाने सांगितले होते की त्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनीअर तीन-तीन दिवस येत नाही, आणि मी घाईत ते वाक्य तसेच कार्डावर घातले. तक्त्यात उगमाचा रकाना मी स्वतःच केला होता, पण कार्ड लिहिताना तो नियम पाळला नाही. आमच्या एका माणसाने ते कार्ड व्हॉट्सअॅपवर सरळ ग्राहकालाच पाठवले. ग्राहकाने ते प्रतिस्पर्ध्याच्या डीलरला दाखवले, आणि डीलरने त्याच कारखान्यातल्या मागच्या वर्षभराच्या सर्व्हिस नोंदी आणून टेबलावर ठेवल्या. एक सोडून सगळ्या भेटी तक्रार आली त्याच दिवशीच्या होत्या. ऑर्डर गेली. त्याहून वाईट वाटले ते प्लँट हेडसमोर बसून माफी मागताना. ते काही कठोर बोलले नाहीत. ‘‘मॅडम, तुमचे हवेचे आकडे बरोबर निघाले होते, म्हणून मी हेही खरं धरलं होतं,’’ एवढेच म्हणाले.

त्यानंतर आमच्या कायदे सल्लागारांनी आणखी एक गोष्ट नीट समजावून सांगितली. आपल्या मालाची स्तुती करायला कायद्याची बरीच मोकळीक आहे, पण दुसऱ्याच्या मालाची नालस्ती करणे हा वेगळा विषय आहे आणि त्यावर न्यायालयात जाता येते. कार्ड अंतर्गत आहे असे वर छापल्याने ते अंतर्गत राहत नाही. तेव्हापासून प्रतिस्पर्ध्याबद्दलचे प्रत्येक वाक्य त्याच्याच प्रसिद्ध कागदावर किंवा आमच्याकडे लेखी असलेल्या मोजणीवर आधारलेले असते. एका माणसाचा अनुभव कार्डावर जात नाही, तो कितीही खरा वाटला तरी. प्रतिस्पर्ध्याचे कोटेशन खोट्या नावाने मागवायचे नाही, हेही त्याच दिवशी लिहून काढले, कारण विभागात तशी कुजबुज माझ्या कानावर आली होती. ग्राहकाने स्वतःहून दाखवलेले कोटेशन वाचायला हरकत नाही, पण त्यातला दर तक्त्यात भरायचा नाही, कारण तो त्या एका व्यवहारापुरता असतो आणि महिन्याभरात चुकीचा ठरतो.

कार्डे फाइल म्हणून पाठवणेही तेव्हाच बंद केले. जुनी फाइल कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलमध्ये वर्षभर तशीच पडून राहते. आता एकच दुवा आहे, त्यावर नेहमी चालू कार्ड दिसते, आणि माथ्यावर ‘तपासले’ आणि ‘बाद होईल’ अशा दोन तारखा असतात. नव्वद दिवसांत मी पुन्हा तपासले नाही तर कार्ड आपोआप दिसेनासे होते. एकदा तसे झाले आणि नागपूरच्या अभियंत्याने सकाळी सातला फोन करून विचारले, तेव्हा कार्डे खरोखर वापरात आहेत हे मला कळले. दर सोमवारच्या बैठकीत दहा मिनिटे एक जण परचेस मॅनेजर होतो आणि एखादा दावा करतो, दुसऱ्याने कार्ड न पाहता उत्तर द्यायचे असते. कुणाला वीस सेकंदांहून जास्त लागली तर दोष मी कार्डाचा धरते आणि त्यातली वाक्ये कमी करते. हवेच्या कार्डाचे वर दिलेले रूप हे पाचवे आहे. पहिल्या रूपात सर्व्हिस फॅक्टरची व्याख्या होती, ती मी मोठ्या अनिच्छेने काढली.

कार्डांमुळे विक्री किती वाढली, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. त्याच वर्षी आम्ही दोन नवे डीलर नेमले आणि एका मॉडेलची किंमतही उतरवली, त्यामुळे कार्डांचा वाटा वेगळा काढता येत नाही. गेलेल्या मागण्यांच्या नोंदीत मात्र ‘किंमत’ हा एकटा शब्द आता क्वचित दिसतो. ‘भार ४५ टक्के, व्हीएफडी हवे होते, आपली मुदत जास्त’ असे लिहिलेले येते. अशा अकरा नोंदी एकत्र करून मी उत्पादन विभागाला दिल्या, आणि आमच्या व्हीएफडी मॉडेलची मुदत दहा आठवड्यांवरून सहावर आली.

गेल्या महिन्यात हवेचे कार्ड तपासायला बसले तेव्हा प्रतिस्पर्ध्याचा नवा कॅटलॉग आला होता. त्यात ३७ किलोवॅटच्या मॉडेलसमोर संपूर्ण मशीनची वीज आता त्याच पानावर, हवेच्या आकड्याला लागूनच छापली आहे. त्यांच्याकडेही कोणा ग्राहकाने ती लेखी मागितली असावी. ‘मीटरवरचा नाही’ हे आमच्या कार्डातले वाक्य त्या क्षणी जुने झाले. मी ते काढले, तक्त्यात नवी तारीख घातली आणि कोल्हापूरच्या अभियंत्याला कळवले की सदतीसच्या मशीनबद्दल आता हा प्रश्न कोणी विचारणार नाही, पण पंचावन्न किलोवॅटच्या पानावर तो आकडा अजून छापलेला नाही.